उतरत्या काचेवरचा ग्लिसरीनचा थर: जाडी आणि प्रवाह सूत्राशी जुळत नसेल तर काय तपासायचं

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक उतरती काच आहे. लांबी १ मीटर, रुंदी २० सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना काचेच्याच उभ्या पट्ट्या. वरच्या टाकीतून ग्लिसरीन एका खोबणीत येतं, खोबणीच्या ओठावरून काचेवर पसरतं, खाली ताटात पडतं आणि पंप ते परत वर नेतो. विद्यार्थ्यांनी सुईच्या गेजने थराची जाडी मोजायची, खाली एक मिनिट बादली लावून प्रवाह तोलायचा आणि दोन्ही या सूत्रात बसतात का ते बघायचं:

```
Q = W · g · sinθ · h³ / (3ν)
```

Q म्हणजे सेकंदाला वाहणारं घनफळ, W रुंदी, θ उतार, h जाडी आणि ν म्हणजे चिकटपणा भागिले घनता. सूत्र विल्हेल्म नुसेल्टच्या १९१६ सालच्या मांडणीतलं. त्यात बिघडण्यासारखं काही नाही. तरी दर पावसाळ्यात एखादी तुकडी तोंड पाडून येतेच: "सर, दुप्पट येतंय." कॉलेज कोकणात आहे, ही माहिती पुढे कामाला येईल. हा प्रयोग मी इतक्यांदा दुरुस्त केलाय की चुका कुठे दडतात ते आता पाठ झालंय. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

लक्षणं

सगळ्यात नेहमीचं लक्षण म्हणजे बादलीतला प्रवाह सूत्रापेक्षा दीडपट, कधी दुपटीहून जास्त येणं. कमी येणं क्वचितच. दुसरं, सकाळच्या तुकडीचे आकडे आणि दुपारच्या तुकडीचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, पण प्रत्येक तुकडीचे आपापसात जुळतात. तिसरं, जाड थराला फरक कमी आणि पातळ थराला जास्त. चौथं, डाव्या पट्टीजवळ जाडी एक आणि उजव्या पट्टीजवळ दुसरी. पाचवं, थराच्या पृष्ठभागावर आडव्या सुरकुत्या दिसणं. ग्लिसरीनच्या बाबतीत हे शेवटचं जवळपास कधीच होत नाही, पण कुणी हौसेने पाणी वापरून बघितलं की हमखास होतं.

या वेळी आलेल्या तुकडीची वही समोर ठेवूनच पुढे जाऊ. त्यांनी कोन १०°, जाडी ३.० मिलिमीटर, तापमान ३०° आणि चिकटपणा पुस्तकातल्या शुद्ध ग्लिसरीनचा, म्हणजे ३०° ला ६१२ मिलिपास्कल-सेकंद (जुन्या वह्यांत हाच आकडा सेंटिपॉइजमध्ये असतो) धरला होता. सूत्राने उत्तर आलं मिनिटाला ४७३ ग्रॅम. बादलीत आलं ९८५.

आधी बादली आणि घड्याळ

यात खर्च शून्य आणि चूक सापडली तर बाकी सगळं वाचतं. घनफळ मोजू नका, तोलाच. पंपातून फिरलेल्या ग्लिसरीनमध्ये बारीक बुडबुडे अडकतात आणि इतक्या चिकट द्रवातून ते वर यायला तास लागतो. मोजपात्रावरची रेघ त्यांच्यासकट वाचली जाते. काट्याला बुडबुड्यांशी देणंघेणं नाही.

मग लागोपाठ तीन वेळा एकेक मिनिट धरा. तिन्ही वजनं एका टक्क्याच्या आत आली तरच प्रवाह स्थिर झाला असं समजायचं. काचेवर बदल तसा झपाट्याने उतरतो. व्हॉल्व्ह फिरवल्यावर जाडीतला फरक पृष्ठभागाच्या दुप्पट वेगाने खाली सरकतो आणि १५–२० सेकंदांत तळाला पोचतो. उशीर होतो तो वरची खोबण भरायला. मी पाच मिनिटं थांबायला सांगतो, मुलं दोन मिनिटांत बादली लावतात. या तुकडीची तीन वजनं ९८०, ९८९, ९८५. म्हणजे बादली निर्दोष.

उतार: कोनमापक बाजूला ठेवा

स्टँडला लावलेला कोनमापक स्टँडचा कोन सांगतो, काचेचा नाही. काच चार रबरी बुटांवर बसलेली असते, त्यातलं एखादं चेपलेलं असतं. शिवाय खालचं टेबल पाणसळीत असेलच असं नाही.

सूत्राला कोन नकोच आहे, त्याला sinθ हवा. आणि sinθ म्हणजे काचेच्या दोन टोकांमधला उंचीचा फरक भागिले काचेची लांबी. तेव्हा गवंड्याची पाण्याची नळी घ्या. पारदर्शक नळीत पाणी भरा, एक टोक काचेच्या वरच्या कडेला, दुसरं खालच्या कडेला धरा आणि दोन्हीकडे पाण्याच्या पातळीपासून काच किती खाली आहे ते पट्टीने मोजा. दोन्ही मापांची वजाबाकी म्हणजे उंचीचा फरक. १ मीटर काचेला १०° उतार असेल तर तो १७.४ सेंटिमीटर यायला हवा. इथे आला १८.४. म्हणजे काच १०.६° वर होती. कोनमापकावर सहज सुटणारा फरक नळीवर पूर्ण १ सेंटिमीटर दिसतो.

प्रवाह त्यामुळे ६ टक्क्यांनी वाढतो. ४७३ चे झाले ५०१. काच जितकी आडवी तितका हा फरक महाग पडतो. अर्ध्या अंशाची चूक ३° उतारावर १६–१७ टक्के खाते. म्हणून मी ५° च्या खाली हा प्रयोग लावू देत नाही.

नळी हातात आहे तोवर आडवी पातळीही बघून घ्या. काच उजवी-डावीकडे नुसती ०.१° कललेली असली तरी २० सेंटिमीटर रुंदीत एका कडेची जाडी दुसरीपेक्षा ०.३५ मिलिमीटरने जास्त होते, कारण थराचा पृष्ठभाग आडव्या दिशेने सपाट राहतो आणि काच मात्र तिरकी असते. गंमत म्हणजे एकूण प्रवाहात याने फारसा फरक पडत नाही. पण जाडी मध्यावर न मोजता कडेजवळ मोजली तर ती ०.१७ मिलिमीटरने चुकू शकते, आणि ३ मिलिमीटरच्या थरात तेवढ्याने गणित १७ टक्क्यांनी घसरतं. बुटाखाली पोस्टकार्डाचा तुकडा सरकवून हे जमतं.

थर्मामीटर खोलीत नाही, ताटात

ग्लिसरीनचा चिकटपणा २०° ला १४१० असतो, ३०° ला ६१२ आणि ४०° ला २८४. म्हणजे आपल्याकडच्या खोलीच्या तापमानाला दर अंशामागे साधारण ७–८ टक्के घट. दुसऱ्या लक्षणाचं, म्हणजे सकाळ-दुपारच्या भांडणाचं, सगळं उत्तर इथेच आहे. सकाळी २७° ला आणि दुपारी ३१° ला त्याच जाडीला प्रवाह एकास १.३६ पडतो.

तुकडीने ३०° लिहिलं होतं ते भिंतीवरच्या थर्मामीटरवरून. ग्लिसरीन मात्र तासभर पंपातून फिरत होतं आणि चिकट द्रव फिरवताना पंपाचं काम उष्णतेत जातं. ताटात, जिथे थर काचेवरून पडतो तिथे, थर्मामीटर धरला तर ३२° दाखवत होता. दोन अंशांचे १७ टक्के. ५०१ चे झाले ५८४.

सुईचा शून्य

इथे मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण जाडी सूत्रात घनाच्या रूपात येते आणि तिची प्रत्येक चूक तिप्पट होऊन बाहेर पडते. ३ मिलिमीटरमध्ये एक दशांश मिलिमीटर चुकलात की प्रवाहात १० टक्के गेले.

आमचा गेज साधा आहे. आडव्या दांडीवर मायक्रोमीटर, त्याच्या टोकाला शिवणाची सुई. आधी काचेवर सुई टेकवून एक आकडा, मग थराच्या पृष्ठभागावर टेकवून दुसरा आकडा, वजाबाकी म्हणजे जाडी. दोन्ही आकड्यांत खोड्या आहेत.

पृष्ठभागावरची खोडी सगळ्यांना कळते. सुई हळूहळू खाली आणताना तिचं प्रतिबिंब ग्लिसरीनमध्ये वर येताना दिसतं. टोक आणि प्रतिबिंब भेटले त्या क्षणी थांबायचं. काचेच्या पाठीवरून आणखी एक फिकट प्रतिबिंब येतं, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. अर्धा क्षण उशीर झाला तरी द्रव सुईवर चढतो आणि टोकाभोवती छोटा डोंगर तयार होतो. मग मुलं सुई थोडी वर घेतात, पुन्हा खाली आणतात आणि त्या डोंगराच्या शेंड्यावर वाचतात. तसं करू नका. सुई पूर्ण बाहेर काढा, पुसा, नव्याने खाली आणा. वाचायचं नेहमी खाली येताना, वर जाताना नाही.

काचेवरची खोडी कुणालाच कळत नाही, आणि माझ्या हिशोबात निम्म्या तक्रारींचं मूळ तीच आहे. शून्य कधी घेतला, हा माझा पहिला प्रश्न असतो. उत्तर येतं: "सर, आदल्या तुकडीने पंप बंद केला, आम्ही तासभर निथळू दिलं, मग घेतला." तासभर निथळलेली काच कोरडी दिसते. ती कोरडी नसते. निथळणाऱ्या थराची जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते, म्हणजे चौपट वेळ थांबलात तर कुठे ती निम्मी होणार. आकडे घालून बघा. ३२° च्या या ग्लिसरीनला, या उतारावर, काचेच्या मध्यावर एक तासानंतरही जवळपास ०.१५ मिलिमीटरचा थर चिकटून असतो. सुई त्याच्यावर टेकते, प्रतिबिंब भेटतं, मुलगा खुशीत आकडा लिहितो. शून्य ०.१५ ने वर सरकला आणि तेवढीच प्रत्येक जाडी कमी वाचली गेली.

उपाय एका ओळीचा: शून्य घ्यायच्या जागी काच ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने पुसा, बोट फिरवून चरचर आवाज येतो का बघा, मगच सुई टेकवा. आमचे लॅबमधले मामा त्या जागी काचेच्या मागून मार्करने फुली मारून ठेवतात. शून्य फुलीवर आणि जाडीही त्याच फुलीवर, कारण काच कुठेतरी पाव मिलिमीटर बाक खाल्लेली असतेच.

फुली मध्यावर, वरून निदान ३० सेंटिमीटर खाली हवी, आणि खालच्या ओठापासून १० सेंटिमीटर वर तरी हवी. खोबणीतून बाहेर पडल्यावर थराला आपली जाडी घ्यायला थोडी जागा लागते आणि खाली पडण्याआधी तो ओठाजवळ पातळ होतो.

या तुकडीची काच पुसून शून्य परत घेतला. जाडी ३.० नव्हती, ३.१५ होती. ५८४ चे झाले ६७७.

सुईवर विश्वास नसेल तर कचऱ्याचा कण

ही तपासणी मला फार आवडते, कारण तिला चिकटपणा, तापमान, उतार यांतलं काहीच माहीत असावं लागत नाही. स्थिर वाहणाऱ्या अशा थरात काचेलगत वेग शून्य असतो, पृष्ठभागावर सर्वांत जास्त, आणि सरासरी वेग पृष्ठभागाच्या वेगाच्या बरोबर दोन तृतीयांश. तेव्हा पृष्ठभागाचा वेग आणि बादलीतला प्रवाह एवढ्या दोनच गोष्टींवरून जाडी निघते:

```
h = 3Q / (2 · W · u)
```

u म्हणजे पृष्ठभागाचा वेग. पंचिंग मशिनमधून पडलेली कागदाची टिकली नको, ती ओली होऊन बुडते. बुचाचा मोहरीएवढा कण घ्या, काचेच्या मध्यरेषेवर सोडा आणि ३० सेंटिमीटरला किती सेकंद लागतात ते बघा. पाच वेळा करा. इथे सरासरी ९.४ सेकंद आली, म्हणजे सेकंदाला ३१.९ मिलिमीटर. ९८५ ग्रॅम म्हणजे सेकंदाला १३.१ मिलिलिटर, त्यावरून जाडी ३.०९ आली. बाजूच्या पट्ट्या कडेचा द्रव धरून ठेवतात. २० सेंटिमीटर रुंदी आणि ३ मिलिमीटर थर असताना एकूण प्रवाह त्यामुळे २ टक्के कमी होतो आणि मध्यरेषेवर त्याचा मागमूस नसतो. ते २ टक्के परत जोडले की ३.१५.

कणाचं उत्तर पुसलेल्या काचेवरच्या सुईशी जुळतंय, म्हणजे जाडीचा प्रश्न मिटला. तरीही बादली सूत्रापेक्षा पुढे असेल तर दोषी सूत्रात उरलेला एकच आकडा आहे: चिकटपणा. या टप्प्यापर्यंत यायला अर्धा तास आणि शून्य रुपये लागतात. मुलं मात्र पहिल्याच मिनिटाला "ग्लिसरीन खराब आहे सर, नवीन मागवा" म्हणतात.

घनमुळाचा आलेख

ज्यांना कण सोडायचा कंटाळा आहे त्यांनी निदान हे करावं. चार वेगवेगळ्या प्रवाहांना जाडी वाचा. मग प्रवाहाचं घनमूळ उभ्या अक्षावर आणि जाडी आडव्या अक्षावर मांडा. सूत्रानुसार ही सरळ रेषा असते आणि ती शून्यातून जाते.

शून्य परत घ्यायच्या आधी याच तुकडीने वाचलेल्या जाड्या होत्या २.०, २.५, ३.० आणि ३.५ मिलिमीटर. मिनिटाचे प्रवाह ३१०, ५९०, ९८५ आणि १५२५ ग्रॅम. घनमुळं ६.७७, ८.३९, ९.९५, ११.५१. पट्टी ठेवली तर रेषा छान सरळ, पण आडव्या अक्षाला ती शून्यावर न भेटता उणे ०.१४ वर भेटते. म्हणजे सुईचा शून्य ०.१४ ने चुकलाय, हे काच न पुसता कागदावरच कळलं. पुसल्यावर ०.१५ सापडलं होतं. याहून जवळ यायची अपेक्षा मी ठेवत नाही.

आलेखाचा उपयोग असा की तो चुका वेगळ्या करून दाखवतो. शून्याची चूक रेषेला बाजूला सरकवते, चढ बदलत नाही. चिकटपणाची किंवा उताराची चूक चढ बदलते, रेषा शून्यातूनच जाते. तिसरं लक्षण, पातळ थराला जास्त फरक, म्हणजे नेमकी सरकलेली रेषा. ०.१५ ची चूक २ मिलिमीटरच्या थराला जेवढी झोंबते तेवढी ३.५ च्या थराला झोंबत नाही.

आणि रेषा सरळच नसून वर वाकत असेल तर चिकटपणा सगळीकडे एकच नाहीये, तो वेगाप्रमाणे बदलतोय. ग्लिसरीन असं करत नाही. शाम्पू, रंग, भांडी घासायचं लिक्विड करतात. एकदा एका तुकडीने ग्लिसरीन संपलं म्हणून हँडवॉश ओतला होता. वरचं सूत्र तिथे लागूच नाही, आणि तो मी सोडवायचा प्रश्नही नाही.

ग्लिसरीनमध्ये पाणी

आता कोकण. ग्लिसरीन हवेतली वाफ ओढून घेतं. बाटलीत बूच लावून ठेवलं तर वर्षानुवर्षं तसंच राहतं. पण आपण ते पातळ थर करून, उघड्या काचेवरून, तासन् तास फिरवतो, म्हणजे ओलावा शोषायला याहून चांगली सोय करता येणार नाही. जुलैत आमच्या खोलीतल्या वहीचं पानसुद्धा लिबलिबीत असतं.

थोडंसं पाणी किती नुकसान करतं ते या आकड्यांवरून बघा. ३०° ला शुद्ध ग्लिसरीनचा चिकटपणा ६१२, ९९ टक्क्यांचा ५००, ९८ टक्क्यांचा ४०९, ९५ टक्क्यांचा २३७. शंभर ग्रॅममध्ये पाच ग्रॅम पाणी गेलं की चिकटपणा निम्म्याहून खाली. डोळ्याला काहीही कळत नाही, बोटाला तसाच चिकट लागतो. शिवाय बाजारातून येणारं ग्लिसरीनही बहुधा ९८ ते ९९.५ टक्क्यांचंच असतं, लेबल वाचा. पुस्तकातला शुद्धाचा आकडा धरणं हीच पहिली चूक.

तपासायला आमच्याकडे दोन साधनं आहेत. एक, घनतेची ५० मिलिलिटरची बाटली. एक टक्का पाण्याने घनता ०.००२६ ने उतरते, म्हणजे या बाटलीत ०.१३ ग्रॅम. दोन दशांश स्थळांचा काटा ते सहज पकडतो. तापमानाचा घोळ टाळायला सीलबंद बाटलीतलं ताजं ग्लिसरीन आणि टाकीतलं ग्लिसरीन दोन्ही एकाच बादलीतल्या पाण्यात तासभर ठेवून मग तोला, फक्त फरक बघा. बाटली भरताना बुडबुडा राहिला तर सगळं फुकट. दुसरं, रसायनशास्त्राच्या लॅबमधलं अॅबे रिफ्रॅक्टोमीटर. दोन थेंब पुरतात, एका टक्क्याला अपवर्तनांक ०.००१५ ने घटतो आणि यंत्र त्याहून बारीक वाचतं. मी हल्ली हेच करतो.

टाकीतलं ग्लिसरीन ९८ टक्के निघालं. ६१२ च्या जागी ४०९ धरला की ६७७ चे १०१२ होतात. त्यातून बाजूच्या पट्ट्यांचे २ टक्के वजा: ९९२. बादली ९८५ सांगत होती. उरलेले सात ग्रॅम कुणाचे, हे मी शोधत नाही.

चिकटपणा थेट मोजायचा असेल तर २ मिलिमीटरचा पोलादी छर्रा उंच मोजपात्रात सोडून वेळ घेता येतो. पण ५० मिलिमीटर रुंद पात्राच्या भिंती छर्‍याला ८ टक्के हळू करतात, ती दुरुस्ती केली नाही तर चिकटपणा तेवढा जास्त निघतो. शिवाय अशा पातळ झालेल्या ग्लिसरीनमध्ये छर्रा इतक्या वेगाने पडतो की स्टोक्सचं सूत्रही थोडं सुटतं. अंदाजाला ठीक, निकालाला नाही.

टाकीवर झाकण ठेवा, प्रयोग नसेल तेव्हा ग्लिसरीन डब्यात काढून बूच लावा. पाणी शिरलंच असेल तर फेकू नका. प्रयोगाला शुद्ध ग्लिसरीन लागत नाही, किती टक्के आहे ते माहीत असणं लागतं.

सुरकुत्या

थोडक्यात सांगतो. पृष्ठभागावर लाटा उठल्या की वरचं सूत्र तसंच्या तसं लागत नाही. लाटा कधी उठतात याची सीमा बेंजामिन (१९५७) आणि यी (१९६३) यांनी काढली: रेनॉल्ड्स आकडा उताराच्या कोटँजंटच्या ५/६ पटीपुढे गेला की. रेनॉल्ड्स आकडा इथे म्हणजे रुंदीच्या एका एककातला प्रवाह भागिले ν. १०° ला ही सीमा ४.७ येते. वरच्या उदाहरणात आकडा पाव सुद्धा भरत नाही, म्हणून ग्लिसरीनचा थर आरशासारखा वाहतो. पाणी वापरलं तर हीच सीमा थर ०.१७ मिलिमीटरचा झाला की ओलांडली जाते, आणि तेवढा पातळ थर सुईने मोजता येत नाही. पाण्यावर हा प्रयोग करू नका.

इथे थांबा

पाणी उडवायला ग्लिसरीन गॅसवर ठेवू नका. फार तापलं की त्यातून अॅक्रोलिन निघतं, त्याचा धूर डोळ्यांना आणि घशाला सहन होत नाही, आणि तापलेलं ग्लिसरीन पेटतंही. ते काम व्हॅक्यूमची सोय असलेल्या रसायनवाल्यांचं.

पंप गुरगुरत असेल, सीलमधून थेंब पडत असतील किंवा त्याच्या अंगाला शॉक लागत असेल तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. जमिनीवर ग्लिसरीन सांडलेलं असताना चालत्या पंपाला हात लावायला मी कुणालाही देत नाही. काच काढायची वेळ आली तर काचवाल्याला बोलवा. ग्लिसरीनने माखलेली मीटरभर काच दोघांनी धरली तरी हातातून निसटते, आमची एक तशीच गेली.

आणि वरचं सगळं करूनही सूत्र आणि बादली यांत १० टक्क्यांहून जास्त फरक राहत असेल, कण आणि सुई एकमेकांशी जुळत असतील, आलेखही शून्यातून जात असेल, तर नमुना बाटलीत भरून एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत चिकटपणा मोजायला पाठवा. सोबत तापमान लिहून द्या. बाटली काठोकाठ भरा आणि बुचाला टेप गुंडाळा, नाहीतर वाटेत ते आणखी पाणी पिऊन पोचेल.